सूतकातील सही: वारस नोंदीवर ठाम राहिलेल्या मुलीचे एक प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका शेतकरी कुटुंबाचे आहे. मी त्यात सल्लागार म्हणून सहभागी होते. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून गाव, आडनाव आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. मुलीचा उल्लेख पुढे ‘ताई’ असा केला आहे.

पार्श्वभूमी

ताईंचे वडील २०२२ च्या पावसाळ्यात वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि मधली मुलगी अशी चार माणसे राहिली. थोरले बंधू गावात राहून शेती पाहतात, धाकटे शहरात नोकरी करतात. ताईंचे लग्न १९९८ साली शेजारच्या तालुक्यात झाले. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात थोरल्या बंधूंनी दवाखान्याचा खर्च केला, आणि ताई दर महिन्याला आठ-दहा दिवस माहेरी येऊन वडिलांचे अंथरूण-पांघरूण पाहत होत्या. पुढे जे झाले त्यात दोन्ही बाजूंनी या सेवेचा उल्लेख वारंवार झाला, म्हणून तो येथेच नोंदवते.

मिळकत आजोबांकडून वडिलांकडे आलेली होती. रस्त्यालगत विहीर असलेला साडेतीन एकरांचा एक बागायत गट, दोन एकरांचा एक जिरायत गट, गावठाणातले राहते घर आणि बँकेत वडिलांच्या नावची सहा लाखांची मुदत ठेव. ठेवीवर थोरल्या बंधूंचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले होते. विकास सोसायटीचे एक लाख ऐंशी हजारांचे पीककर्ज बाकी होते. मृत्युपत्र नव्हते, नोंदणीकृत वाटणीपत्र नव्हते, आणि सातबारा शेवटपर्यंत एकट्या वडिलांच्या नावावर होता.

या कुटुंबात कोणाचा किती हिस्सा होतो हा प्रश्न अवघड वाटतो, पण येथे तो सोपा निघाला. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाप्रमाणे सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली वाटेकरी, ठरते. म्हणून वडिलोपार्जित जमिनीचे मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असे कागदावर मानले, तर वडील, आई, दोन मुलगे आणि मुलगी असे पाच सारखे भाग पडतात. मग वडिलांचा पाचवा भाग उरलेल्या चौघांत सारखा वाटला जातो. एक पंचमांशात एक विसांश मिळवला की प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर एक चतुर्थांश येतो. हीच जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असती, तरी पत्नी आणि तीन मुले यांना कायद्याने तोच चौथा हिस्सा मिळाला असता. त्यामुळे ‘ही वडिलोपार्जित की स्वकष्टाची’ या वादात वेळ घालवण्याचे कारण नव्हते. एकूण साडेपाच एकर म्हणजे २२० गुंठे, आणि एकेकाचे ५५ गुंठे.

प्रश्न कसा उभा राहिला

तिसऱ्या दिवशी राख सावडली. पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला आला. सातव्या दिवशी संध्याकाळी, भेटायला आलेली माणसे परतल्यावर, एका चुलतभावाने पडवीत दोन कागद आणून ठेवले. पहिला तलाठ्याकडे द्यायचा वारस नोंदीचा अर्ज आणि त्यासोबतचे प्रतिज्ञापत्र होते. त्यात भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारे, म्हणून फक्त दोन मुलगे होते, आईचे नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यासाठी सुचवले होते आणि ताईंच्या नावापुढे ‘विवाहित, हक्क सोडला आहे’ एवढेच लिहिले होते. दुसरा कागद शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचे संमतीपत्र होता. वडिलांच्या मिळकतीत मला हिस्सा नको, माझी हरकत नाही, असा त्याचा मजकूर होता आणि खाली सहीसाठी जागा सोडलेली होती. सकाळी तालुक्याला जाऊन नोटरीसमोर सही करायची होती.

ताईंनी कागद कंदिलाजवळ नेऊन वाचले. वीज गेली होती, हे त्या मला नंतर सांगत होत्या, कारण त्यांच्या मते कागद अंधारात आणण्यामागे काही हेतू नव्हता. वीज खरोखरच गेली होती. त्यांनी एवढेच म्हटले, “दादा, मी आत्ता सही करत नाही. अण्णांचे दिवस होऊ देत.”

त्यावर थोरले बंधू काही बोलले नाहीत, पण चुलते म्हणाले, “पोरी, सूतकात वाटणीचं तोंडातून काढू नये.”

या प्रकरणाचा गाभा मला या वाक्यात दिसतो. वाटणीचा शब्द ताईंनी काढलेला नव्हता. वाटणी त्या संमतीपत्रात अगोदरच होऊन गेली होती आणि तिच्यावर फक्त त्यांची सही राहिली होती. तरीही त्या रात्रीपासून भावकीत बोलले गेले ते असे की, बापाची राख गार व्हायच्या आत मुलीने हिस्सा मागितला. सूतकाचा नियमही तिच्याविरुद्ध वापरला गेला. विवाहित मुलीला आई-वडिलांचे सूतक तीन दिवसांचे आणि मुलांना दहा दिवसांचे, म्हणजे ती परक्या घरची, असे एका वृद्ध नातेवाइकाने समजावून सांगितले. सूतकाचे दिवस आणि वारसा यांचा कायद्यात काही संबंध नाही, पण त्या घरात त्या दिवशी हा युक्तिवाद फार जड होता.

समोरचे पर्याय

आठव्या दिवशी ताईंनी मला फोन केला. आम्ही चार वाटांचा विचार केला.

पहिली वाट सही करण्याची. माहेर टिकावे म्हणून असंख्य बहिणी ती निवडतात आणि त्यात चूक आहे असे मी म्हणणार नाही, जर ती समजून निवडलेली असेल तर. येथे एक गोष्ट सांगणे भाग होते. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. नोटरीसमोर केलेल्या कागदाने हक्क जात नाही. परंतु हक्क शाबूत राहिला तरी तो कागद पुढे अडचणीचा ठरतोच. त्याच्या आधारे फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावर दोघांचीच नावे येतात, आणि त्यांनी जमीन विकली की तुमचा वाद भावाऐवजी खरेदीदाराशी सुरू होतो. सही करून नंतर बघू, असे ठरवणारी बहीण स्वतःच्याच सहीशी भांडत बसते.

दुसरी वाट गप्प राहण्याची, वर्षश्राद्धापर्यंत विषय न काढण्याची. ताईंचा कल सुरुवातीला इकडेच होता. अडचण अशी की कागद थांबत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. अर्ज आला की कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद घेतो. चावडीवर प्रत लावतो आणि संबंधितांना नोटीस देतो. नोटिशीच्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एकदा ती प्रमाणित झाली की उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायला ६० दिवस असतात. ज्या बहिणीचे नाव अर्जात वारस म्हणून नाहीच तिला नोटीस जाणार कशी? आपल्या रूढीत दुखवट्याचे वर्ष असते, आणि महसुली कामकाज त्या वर्षात केव्हाच पुढे निघून गेलेले असते.

तिसरी वाट दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावून विक्रीला मनाई मागण्याची. हक्क पक्का होता, पण दावा वर्षानुवर्षे चालतो आणि अजून कोणी काही विकलेले नव्हते. ताईंनी ती वाट ताबडतोब बाजूला सारली. आईला साक्षीला उभे करावे लागेल, एवढे एकच कारण त्यांनी दिले.

चौथी वाट आम्ही दोघींनी बोलता बोलता शोधली. नाव लागणे आणि वाटप होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस नोंदीने जमिनीचा एक गुंठाही इकडचा तिकडे होत नाही. कोण कोणाचे वारस आहेत, एवढेच ती सांगते. वाटप नंतर कधीही करता येते, आणि तोवर शेती थोरल्या बंधूंनीच करायला हरकत नसते. म्हणून दुखवट्यात वाटप मागायचे नाही, पण चारही वारसांची नावे भोगवटादार रकान्यात लागलीच पाहिजेत, यावरून हटायचे नाही. मागणी एवढीच ठेवली की ती सूतकातही न लाजता सांगता येईल: ‘मी अण्णांची मुलगी आहे, हे कागदावर लिहा.’ ताईंनी ही वाट धरली.

दहाव्याचा दिवस

सर्वांत कठीण प्रसंग कचेरीत आला नाही, नदीकाठी आला. त्याचे वर्णन मी दोघांकडून ऐकले आहे, ताईंकडून आणि धाकट्या बंधूंकडून, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

दहाव्याला पिंड मांडले गेले आणि कावळा शिवेना. पावसाची बुरबुर होती, पलीकडच्या बाभळीवर कावळे बसलेले दिसत होते, पण खाली उतरत नव्हते. अर्धा तास गेला. रीत अशी की मृताची काही इच्छा राहिली असेल तर घरच्यांनी एकेकाने पिंडापुढे येऊन ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. थोरल्या बंधूंनी आईला सांभाळण्याचा शब्द दिला. धाकट्यांनी कर्ज फेडण्याचा दिला. कावळा तसाच. तेव्हा चुलत्यांनी सगळ्यांच्या देखत ताईंना पुढे बोलावले आणि म्हणाले, “भावांचं भावांना सोडते म्हण. त्याचा जीव त्यातच अडकलाय.”

साठ-सत्तर माणसे उभी होती. ताई पुढे गेल्या, पदर सावरून हात जोडले, आणि म्हणाल्या, “अण्णा, आईला मी कधी अंतर देणार नाही. भावांशी बोलणं तोडणार नाही.” इतकेच बोलून मागे सरल्या. चुलते आणखी काही सांगू लागले तेव्हा धाकटे बंधू मध्ये पडले आणि गुरुजींना म्हणाले, दर्भाचा कावळा करा. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि विधी पुरा झाला.

हा निर्णय ताईंनी तिथे, त्या क्षणी, एकटीने घेतला. मी किंवा कोणताही वकील त्यासाठी त्यांची तयारी करून घेऊ शकलो नसतो. पिंडापुढे दिलेला शब्द कायद्याने हक्कसोड ठरत नाही हे खरे आहे, पण त्या माणसाच्या मनाला तो जन्मभर बांधून ठेवतो. ताई मला नंतर म्हणाल्या की त्या वेळी ‘सोडते’ म्हटले असते तर पुढे कोणत्याही कागदासाठी त्या उभ्या राहू शकल्या नसत्या. त्यांनी नकार उच्चारला नाही. जो शब्द आपल्याला पाळता येईल तोच दिला, आणि मागितलेला शब्द रिकामा ठेवला. धाकट्या बंधूंची भूमिका त्या दिवशी बदलली. आदल्या दिवसापर्यंत ते ‘दादा म्हणेल तसं’ या मताचे होते.

पुढील पावले

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी रात्री भावकीची बैठक बसली आणि तिथे घाईचे कारण बाहेर आले. रस्त्यालगतच्या गटातला एक एकर विकण्याचे थोरल्या बंधूंनी तोंडी ठरवले होते आणि दोन लाख रुपये विसार घेतला होता. दिवाळीपर्यंत सातबाऱ्यावर नावे लागली तर खरेदीखत होणार होते. त्यांच्यावर ठिबक आणि पाईपलाईनचे खासगी देणे होते, आणि दवाखान्याचे एक लाख वीस हजार त्यांनी उसनवारीने भागवले होते. मला त्यांची बाजू येथे नीट मांडायची आहे, कारण अशा प्रकरणांत थोरल्या भावाला लोभी ठरवून विषय संपवला जातो. हा माणूस बहिणीला लुबाडायला निघालेला नव्हता. बहिणीला हिस्सा असतो हे त्याने आयुष्यात कधी प्रत्यक्ष पाहिलेलेच नव्हते, आणि देणेकरी दारात उभे होते.

बैठकीत चुलत्यांनी तोडगा सुचवला की ताईंचे आणि आईचे नाव ‘इतर हक्क’ रकान्यात घालावे. म्हणजे नावही लागेल आणि भावांची अडचणही होणार नाही. तो ऐकायला समंजस वाटतो आणि अनेक ठिकाणी स्वीकारलाही जातो. मी ताईंना फोनवर एवढेच सांगितले की सातबारा हाती घेणारा माणूस आधी भोगवटादाराचा रकाना वाचतो, मालक म्हणून तिथलीच नावे धरतो आणि व्यवहारही त्यांच्याशीच करायला बघतो. इतर हक्कांत नाव असल्याने हिस्सा कमी होत नाही, पण तुम्ही बरोबरीच्या वारस असताना बाजूच्या रकान्यात का बसायचे, याचे उत्तर कोणाकडे नसते. ताईंनी तो तोडगा नाकारला, आणि नाकारताना स्वतःपेक्षा आईचे नाव पुढे केले. “माझं सोडा, पण आई इतर कशी?” हा त्यांचा प्रश्न ऐकून बैठकीतल्या बायका पहिल्यांदा बोलू लागल्या, असे धाकटे बंधू सांगतात. बैठक निर्णयाविना उठली.

सतराव्या दिवशी ताईंनी तलाठ्याकडे स्वतःचा अर्ज दिला आणि पोच घेतली. अर्जात चारही वारसांची नावे, वय, पत्ते आणि मृताशी नाते लिहिले होते. एक साधी अडचण आली, ती सांगण्यासारखी आहे. ताईंच्या आधार कार्डावर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव, शिवाय लग्नात बदललेले स्वतःचे नाव. वडिलांच्या घराण्याशी त्यांचा संबंध दाखवणारा एकही कागद त्यांच्या पिशवीत नव्हता. शेवटी प्राथमिक शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढला, ज्यावर माहेरचे पूर्ण नाव आणि वडिलांचे नाव होते, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र त्याला जोडले. आईने आपल्या तीन मुलांची नावे सांगणारा जबाब दिला. आईने अंगठा उठवण्याऐवजी हळूहळू सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला घरात सगळे अंगठाबहाद्दर समजत होते.

थोरल्या बंधूंनी हरकत नोंदवली. नोंद विवादग्रस्त ठरली आणि मंडल अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली. त्यांचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. लग्नात वडिलांनी खर्च केला आणि तेव्हाच बहिणीने हिस्सा नको म्हटले होते, हा पहिला. लग्न २००५ च्या आधीचे असल्याने नवा कायदा लागू नाही, हा दुसरा.

पहिल्याबाबत अधिकाऱ्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, असे विचारले. नव्हते. शिवाय वडील हयात असताना त्यांच्या पश्चात मिळू शकणाऱ्या वारसाची नुसती आशा सोडून देण्याला कायद्यात किंमत नसते, आणि लग्नाचा खर्च हिश्शातून वळता करण्याची तरतूद हिंदू उत्तराधिकार कायद्यात नाही. दुसरा मुद्दा गावोगाव ऐकू येतो. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली दुरुस्ती मुलीच्या लग्नाची तारीख पाहत नाही. वडील त्या तारखेला जिवंत असायला हवेत का, हा प्रश्न काही वर्षे लोंबकळत होता. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तोही मिटवला: हक्क जन्माचा आहे, वडील हयात असण्याची अट नाही. येथे तर वडील २०२२ मध्ये गेले. मालकीचा वाद सोडवणे महसूल अधिकाऱ्याचे काम नाही, पण वारस कोण हे त्यांना पाहावेच लागते. मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांनी चौघांची नावे भोगवटादार रकान्यात प्रमाणित झाली.

परिणाम

एक एकराची विक्री मोडली. थोरल्या बंधूंना विसाराचे दोन लाख परत करावे लागले आणि त्यासाठी त्यांनी बैलजोडी विकली. ही झळ खरी होती. ताईंनी ती नाकारली नाही, आणि पुढच्या बोलण्यात तिचा विचार केला.

वर्षश्राद्ध झाल्यावर, कबूल केल्याप्रमाणे, वाटपाचा विषय निघाला. तो निघाला तेव्हा धाकटे बंधू मध्यस्थ होते. आधी मुदत ठेवीचा हिशेब झाला. ठेवीवर ज्याचे नाव लावलेले असते तो रक्कम स्वीकारणारा असतो, एकटा मालक नसतो, हे बँकेच्या अधिकाऱ्यानेच थोरल्या बंधूंना सांगितल्यामुळे ते कोणालाही टोचले नाही. सहा लाखांतून सोसायटीचे कर्ज आणि दवाखान्याचा खर्च गेला. उरलेले तीन लाख तिघा मुलांनी आईच्या नावे ठेवले.

जमिनीत थोरले बंधू आणि आई यांना बागायत गटातले प्रत्येकी ५५ गुंठे मिळाले. ताई आणि धाकटे बंधू यांनी प्रत्येकी १५ गुंठे बागायत आणि ४० गुंठे जिरायत घेतले. कसणारा माणूस विहिरीजवळ राहावा, हे ताईंनी स्वतः सुचवले होते. बागायत १५ गुंठ्यांना पाण्याची पाळी हवी, हा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही. आठवड्यातला एक दिवस वाटणीपत्रात लिहून घेतला. घरातला आपला हिस्सा त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्राने भावांना दिला, आई हयात असेपर्यंत तिथेच राहील या अटीवर. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होऊन पोटहिस्से पडायला आणखी आठ महिने लागले.

नात्याचे काय झाले, हे लोक आधी विचारतात. पहिल्या भाऊबीजेला थोरले बंधू आले नाहीत आणि ताईंनी त्यांच्या वाटचे ताट करून ठेवले. दुसऱ्या वर्षी ते आले. चुलते अजून बोलत नाहीत.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी संधी वडील हयात असतानाच निसटली. वडिलांनी नोंदणीकृत वाटणीपत्र केले असते तर थोरल्या मुलाची वर्षानुवर्षांची मेहनत आणि मुलीचा हिस्सा यांची सांगड त्यांनाच घालता आली असती. ते काम वारसांवर पडले, आणि वारसांत सगळ्यांत कमी बोलण्याची मुभा जिला होती तिलाच ते सुरू करावे लागले.

माझ्या हातून एक चूक झाली. तेराव्याच्या आत थोरल्या बंधूंशी मी स्वतः एकदा बोलायला हवे होते. ताईंचा अर्ज तलाठ्याकडे पोचला, तेव्हा त्यांना तो पाठीमागून झालेला वार वाटला. ‘नाव लागले म्हणजे वाटप झाले’ ही त्यांची समजूत त्या आधीच दूर करता आली असती. विसाराची गोष्टही मग तेव्हाच कळली असती, आणि कदाचित चौघांच्या सहीने तो एक एकर विकून देणी भागवता आली असती. ताई त्याला तयार होत्या, असे त्यांनी नंतर सांगितले. विक्री मोडली ती चौघांची नावे लागल्यामुळे नाही, तर चौघांना एकत्र बसवायला उशीर झाल्यामुळे.

ताईंनीही एक गोष्ट वेगळी केली असती, असे त्या म्हणतात. शाळेचा दाखला, जन्मनोंद आणि नाव बदलल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांनी आधीच काढून ठेवले असते. दुखवट्यात डोळे सुजलेल्या अवस्थेत शाळेच्या कचेरीत उभे राहून जुन्या नोंदवहीत स्वतःचे नाव शोधणे त्यांना फार लागले. सही न करण्याबद्दल मात्र त्यांना कधी पश्चात्ताप झालेला नाही. ती वेळ त्यांनी निवडली नव्हती. सातव्या दिवशी कागद आणले गेले नसते तर त्या वर्षभर थांबणारच होत्या.

आईचे ५५ गुंठे आज थोरले बंधू कसतात आणि त्याचा खंड दरवर्षी आईच्या खात्यात भरतात. त्या जमिनीचे पुढे काय करायचे, हे आईने अजून कोणाला सांगितलेले नाही. भावकीतून विचारणा होते, तेव्हा ताई म्हणतात की तिचे आहे, तिला ठरवू द्या.